महाडच्या दोन तारखा आणि संपादकांना लिहिलेले एक पत्र

समाजसुधारकांचा परिचय करून देणारे सदर बहुतेक वृत्तपत्रांत असते. नंदुरबारला येणाऱ्या एका दैनिकात अशाच सदरात गंगाधर नीलकंठ तथा बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्यावर लेख आला. बापूसाहेबांचे नाव आज फारसे कुणी घेत नाही, त्यामुळे लेख पाहून आम्हाला आनंदच झाला. पण त्यात एक वाक्य होते : २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या सत्याग्रहात बापूसाहेबांनी मनुस्मृती जाळण्यात पुढाकार घेतला.

हे वाक्य चुकीचे आहे. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्यायले गेले. मनुस्मृती जाळली गेली ती २५ डिसेंबर १९२७ रोजी. गाव एक, वर्ष एक आणि दोन्ही वेळा बापूसाहेब महाडमध्ये हजर. त्यामुळे घोटाळा कसा झाला असेल ते समजते. पण मधल्या नऊ महिन्यांत जे घडले ते या एका वाक्याने पुसले जाते.

ते नऊ महिने असे होते. बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्येच चवदार तळे अस्पृश्यांना खुले केल्याचे जाहीर केले होते. म्हणजे मार्चमध्ये आपले लोक तळ्यावर गेले ते कागदावर मिळालेला हक्क वापरायला. परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा त्यासाठी पुरली. पुढे पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले गेले. ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह जाहीर केला, तेव्हा सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम घेऊन आली. परिषदेला जागाही मिळेना. शेवटी फत्तेखान या मुसलमान गृहस्थाच्या जागेत मंडप उभा राहिला. २५ डिसेंबरच्या रात्री बापूसाहेबांनी मनुस्मृती दहनाचा ठराव मांडला, पां. ना. राजभोज यांनी त्याला अनुमोदन दिले आणि दहन झाले. न्यायालयाचा मान राखून पाणी पिण्याचा सत्याग्रह मात्र तहकूब केला गेला.

आता वृत्तपत्रातले वाक्य पुन्हा वाचा. त्यात पाणी आणि दहन एकाच दिवशी होते. मग वाचकाला वाटते, तळ्यावर गेले आणि रागाच्या भरात ग्रंथ जाळून आले. प्रत्यक्षात आधी हक्क होता, मग हल्ला झाला, मग शुद्धीकरण, मग माघार, मग मनाई हुकूम आणि त्यानंतर विचारपूर्वक मांडलेला ठराव. तारीख बदलली की कारण नाहीसे होते. म्हणून ही दुरुस्ती आम्हाला किरकोळ वाटली नाही. शिवाय अशा लेखांची कात्रणे आमच्याकडच्या आश्रमशाळांतली मुले भाषणासाठी जपून ठेवतात. स्पर्धा परीक्षेच्या वहीत हीच तारीख उतरली, तर गुण त्या मुलाचे जातात.

पत्र लिहायला बसलो तेव्हा पहिला वाद सुरावर झाला. आमच्यातल्या तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे होते, ‘मनुवादी माध्यमांचा खोडसाळपणा’ असे स्पष्ट लिहा. आम्ही त्यांना विचारले, हेतू सिद्ध करता येईल का? तारीख सिद्ध करता येते. जे सिद्ध करता येत नाही ते पत्रात घातले, की संपादकाला त्यावर वाद घालायची सोय होते आणि तारीख बाजूला राहते. तेव्हा सौम्य भाषा ही आमच्या दृष्टीने शरणागती नाही. तिच्यामुळे समोरच्याकडे उत्तर द्यायला एकच प्रश्न उरतो.

दुसरा वाद जास्त अवघड होता. त्याच लेखात बापूसाहेबांना ‘अस्पृश्यांचे उद्धारक’ म्हटले होते. ते आम्हाला खटकले. ठराव मांडणारे बापूसाहेब होते, पण त्याला अनुमोदन देणारे राजभोज आणि मंडपात बसलेले हजारो लोक आपल्या पायांनी तिथे आले होते. तरीही ‘उद्धारक’ हे मत आहे, तथ्य नाही. मताला उत्तर लेखाने द्यावे. तथ्याची दुरुस्ती पत्राने मागावी. दोन्ही एकत्र केले असते तर आमचे पत्र ‘वाचकांची मते’ या रकान्यात गेले असते आणि चूक तशीच राहिली असती. म्हणून तो मुद्दा पत्रातून काढला.

मग पुरावा. आठवणीवर किंवा जयंतीच्या भाषणात ऐकलेल्यावर विसंबायचे नाही, असे ठरवले. धनंजय कीर यांच्या बाबासाहेबांच्या चरित्रात दोन्ही परिषदा वेगवेगळ्या आणि क्रमाने दिलेल्या आहेत. त्याहून जवळचा पुरावा ‘बहिष्कृत भारत’ या बाबासाहेबांच्या पाक्षिकाचा. त्याचा पहिला अंकच ३ एप्रिल १९२७ चा, म्हणजे दोन परिषदांच्या मधला. महाराष्ट्र शासनाने हे अंक पुनर्मुद्रित केलेले असल्यामुळे ते कुणालाही पाहता येतात. एकमेकांची नक्कल नसलेली दोन साधने मिळाली की पत्र उभे राहते. दहा पुस्तकांची यादी द्यायची गरज नसते.

अखेर पत्र असे झाले :

‘मा. संपादक, स. न. आपल्या दैनिकातील बापूसाहेब सहस्रबुद्धे यांच्यावरील परिचयलेख आवडला. त्यात मनुस्मृती दहनाची तारीख २० मार्च १९२७ अशी छापली गेली आहे. त्या दिवशी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले. मनुस्मृती दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथेच भरलेल्या दुसऱ्या परिषदेत झाले व तो ठराव बापूसाहेबांनी मांडला होता. आधारासाठी धनंजय कीर लिखित चरित्र व ‘बहिष्कृत भारत’चे त्या काळातील अंक पाहावेत. संबंधित पानांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. कृपया दुरुस्ती प्रसिद्ध करावी व संकेतस्थळावरील लेखातही बदल करावा, ही विनंती.’

एवढेच. वर लेखाचे शीर्षक, अंकाची तारीख आणि पान क्रमांक. खाली नाव, पत्ता, फोन. एक प्रत आम्ही ठेवली आणि पाठवल्याची नोंद केली. ही नोंद कामाची असते. भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करायची वेळ आलीच, तर आधी संपादकांना लेखी कळवले होते का, हे तिथे विचारले जाते.

सहाव्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती आली. संकेतस्थळावर मात्र जुनीच तारीख होती. इथेच बरेच जण थांबतात. छापील अंक आठवड्यात रद्दीत जातो, संकेतस्थळावरचा लेख मात्र राहतो. पुढच्या वर्षी नवा उपसंपादक तोच लेख काढून पुन्हा छापतो. म्हणून छापून आलेल्या दुरुस्तीचे कात्रण जोडून आम्ही दुसरे पत्र पाठवले. त्यात फक्त दोन वाक्ये होती. दहा दिवसांनी तिथलीही तारीख बदलली.

मूळ लेखाच्या लेखकांचा नंतर फोन आला. ‘पुढचा लेख सुरबानाना टिपणीसांवर आहे. तुमच्याकडचे अंक पाहायला मिळतील का?’ आम्ही त्यांना या म्हटले आहे. ‘उद्धारक’ या शब्दावरही तेव्हाच बोलता येईल.