दोन डोळ्यांचा फोटो

गेल्या दिवाळीच्या कार्यक्रमात आमच्या मोठ्या गटाने वडापावचा स्टॉल लावला होता. खर्च वजा जाता ७० डॉलर उरले. त्या पैशांतून वर्गासाठी एक सूक्ष्मदर्शक घ्यायचा असे आम्ही सहा जणांनी ठरवले. पेशीची चित्रे आम्ही शाळेत खूप रंगवली होती, पण खरी पेशी फारशी कोणी पाहिली नव्हती.

तेवढ्यात एका शाळेने आपली जुनी सामानाची खोली रिकामी करायला काढली. तिथला एक फोटो आमच्यापर्यंत आला. ३० डॉलर किंमत, आणि वर दोन डोळ्यांनी बघायच्या दोन नळ्या! एका नळीपेक्षा दोन नळ्या केव्हाही भारी, असे म्हणून आम्ही लगेच पैसे दिले. फोटो नीट बघायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. आईबाबांनीही नाही, हे इथे लिहायला हरकत नाही.

पुढच्या रविवारी टूथपिकने गाल आतून हलकेच खरवडला, ते काचपट्टीवर पसरले, निळ्या रंगाचा एक थेंब टाकला आणि बघायला बसलो. दिसला फक्त एक निळसर डाग. दिवा हलवला, काच पुसली, पुन्हा गाल खरवडला. डागच. मग कंटाळून कोणीतरी खाली आपले बोट धरले, तर बोटावरच्या रेघा नांगरलेल्या शेतासारख्या उठून दिसल्या! लहान गटाची मुले धावत आली. त्यांनी मुंगी पाहिली, साखर पाहिली, रुपयाचे नाणे पाहिले. ती खूश, आम्ही मात्र तोंड पाडून बसलो.

आमच्यातल्या एकीचे आजोबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. ते तिकडे हायस्कुलात विज्ञान शिकवत. त्यांनी यंत्राकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "अरे बाळांनो, हा स्टिरिओ आहे. तुम्हाला हवा होता संयुक्त. आणि हे फोटोतच दिसत होतं की! तुम्ही वरचं पाहिलंत, खालचं पाहिलंच नाहीत."

आता आमच्याकडे ४० डॉलर राहिले होते. फेब्रुवारीत दुसरा फोटो आला, ३८ डॉलरचा. या वेळी तो मोठा छापून घेतला, टेबलावर पसरला, पहिला फोटो शेजारी ठेवला आणि आजोबांना बोलावले. त्यांची अट एकच होती. प्रत्येक भागाला बोट लावायचे आणि मराठीत नाव सांगायचे.

सुरुवात वरून केली. डोळा लावतो ती नेत्रिका. आणि इथेही नेत्रिका दोनच! "परत स्टिरिओ!" आमच्यातला एक जण ओरडला. आजोबा हसले. ते म्हणाले, "नेत्रिका मोजून काहीच ठरत नाही. खाली उतर."

खाली उतरल्यावर मात्र दोन फोटोंत खूप फरक दिसला. पहिल्या फोटोत डोक्याखाली एकच जाड, रुंद डबा होता. त्याच्या आणि खालच्या पाटाच्या मध्ये मूठ सहज जाईल एवढी मोकळी जागा होती. पाटात एक गोल तबकडी बसवलेली, एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी. दुसऱ्या फोटोत डोक्याखाली एक फिरती चकती होती आणि तिला कमीजास्त लांबीच्या तीन नळ्या लावलेल्या होत्या. ही वस्तुभिंगे, म्हणजे वस्तूच्या बाजूची भिंगे. फोटो थोडा पुसट होता, तरी नळ्यांवरचे रंगीत पट्टे दिसत होते. सर्वांत आखूड नळीवर लाल, मधल्या नळीवर पिवळा आणि लांब नळीवर फिकट निळा. हे रंग ठरलेले आहेत. लाल म्हणजे ४ पट, पिवळा १० पट, फिकट निळा ४० पट. फार जुन्या यंत्रांवर मात्र पट्टे नसतात किंवा वेगळे असतात, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये.

नळ्यांच्या खाली मंच, म्हणजे काचपट्टी ठेवायची जागा. मंचाला मधोमध भोक, आणि पट्टी धरायला चिमटा. मंचाच्या पोटाशी कंडेन्सर, जो प्रकाश गोळा करून भोकातून वर पाठवतो, आणि त्याला प्रकाश कमीजास्त करायची बारीक दांडी. बाजूला एकात एक बसवलेले दोन स्क्रू, मोठा भराभर हलवायला आणि लहान अगदी केसभर हलवायला. पहिल्या फोटोत यांतले कंडेन्सर, दांडी, लहान स्क्रू काहीच नव्हते.

आजोबा बराच वेळ काहीतरी शोधत होते. मग त्यांनी विचारले, "आरसा कुठं आहे?" त्यांच्या शाळेत आरसा खिडकीकडे वळवून उजेड घेत असत. या यंत्रात आरशाच्या जागी दिवा आहे हे आम्ही त्यांना दाखवले. त्या दिवशी आम्ही त्यांना सांगितलेली ही एकच गोष्ट!

मग दोन नेत्रिकांचे काय? आजोबांनी कागदावर काढून दाखवले. स्टिरिओमध्ये प्रत्येक डोळ्याला स्वतःची वाट असते. दोन डोळे वस्तूकडे थोड्या वेगळ्या कोनातून बघतात, म्हणून मुंगी उठावदार दिसते. संयुक्तमध्ये प्रकाश एकाच वस्तुभिंगातून वर येतो आणि लोलक त्याचे दोन भाग करतो. दोन्ही डोळ्यांना तेच सपाट चित्र मिळते. दोन नळ्या फक्त डोळ्यांच्या सोयीसाठी.

आमचा निळा डाग का पडला होता तेही त्याच कागदावर निघाले. गालाची पेशी साधारण ०.०६ मिलिमीटर असते. आमच्या स्टिरिओची नेत्रिका १० पट आणि खालचे भिंग २ पट, म्हणजे एकूण २० पट. पेशी जेमतेम १ मिलिमीटरची दिसणार, तीही पारदर्शक आणि वरून उजेड टाकलेली. नव्या यंत्रात १० गुणिले ४० म्हणजे ४०० पट, पेशी २४ मिलिमीटरची.

तरीही पैसे देण्याआधी आम्ही आणखी एक फोटो मागवला, नळ्यांचा अगदी जवळून. लांब नळीवर ४०/०.६५ आणि त्याखाली १६०/०.१७ असे कोरलेले होते. १६० म्हणजे भिंग किती मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी बनवले ते, आणि ०.१७ म्हणजे वर ठेवायच्या पातळ काचेची जाडी. याच फोटोत चकतीचे चौथे भोक उघडे दिसले. तिथून धूळ आत जाते. आतली भिंगे स्वच्छ आहेत की बुरशी धरलेली, हे फोटोत कळत नाही, म्हणून एक काका जाऊन डोळा लावून आले. सगळे ठीक होते. भोकावर सध्या चिकटपट्टी आहे.

मार्चच्या पहिल्या रविवारी पेशी दिसल्या. फिकट निळ्या, चुरगळलेल्या कागदासारख्या, आणि प्रत्येकीत एक गडद ठिपका. तो ठिपका म्हणजे केंद्रक. आम्ही एकमेकांना ढकलत बघत होतो, तेव्हा सगळ्यात आधी बघायचा मान आजोबांना द्यायचा राहूनच गेला. ते काही बोलले नाहीत.

शेवटी लहान गटासाठी आम्ही याच पत्रिकेच्या जुन्या अंकातून छापील 'क' कापला. तो स्टिरिओखाली ठेवला तर सरळ वाचता आला. संयुक्तच्या मंचावर ठेवला तर उलटा, डावे उजवीकडे आणि वरचे खाली. पट्टी डावीकडे सरकवली की 'क' उजवीकडे पळे. लहान गटातल्या एकाने मान वाकडी करून तो वाचायचा प्रयत्न केला आणि स्टुलावरून पडला. लागले नाही.

— मोठा गट