वाफ निवेपर्यंत

फोटो हलला आहे, असं आपण सरसकट म्हणतो. पण हलण्याचे प्रकार असतात. छायाचित्रकाराचा हात हलला की अख्खं चित्र एकाच दिशेला फरपटतं, डोंगरासकट आणि माणसांसकट. भिंग नीट जुळवलेलं नसलं की कडा चहूकडे विरघळतात. आणि चालत्या गाडीच्या खिडकीतून फोटो काढला असेल तर जवळचं सगळं आडवं पुसलं जातं, दूरचं मात्र जसंच्या तसं राहतं.

मावशीच्या अल्बममधला तो फोटो या तिसऱ्या प्रकारचा होता. रंग तांबूस पडलेले. पुढे रस्त्याची कड, एक छपरी, फळीचं बाकडं, बाजूला बॉनेट उघडून उभी असलेली फियाट. हे सगळं पावसात ओल्या भिंतीवरचा रंग पसरावा तसं डावी-उजवीकडे ओघळलेलं. छपरीवर पाटी होती, पण अक्षरांचे उभे दांडे पुसले गेले होते आणि उरली होती नुसती शिरोरेषा, लांबलचक आणि लाल. मावशी म्हणाली, "घाटातली टपरी. तिथल्यासारखा चहा पुन्हा नाही प्यायले." फोटो त्याच प्रवासातला होता. चहा पिऊन बस सुटली आणि तिला वाटलं, या जागेचा एक फोटो हवा. कुठला घाट, कुठलं साल, तिला सांगता आलं नाही. मला मात्र ती जागा शोधावीशी वाटली. तिच्या आवाजातल्या ओढीमुळे असेल, आणि त्या फोटोतल्या डोंगरामुळेही.

कारण छपरीच्या मागे, दरीपलीकडे, डोंगराची कड स्वच्छ उमटली होती. एकाच पठारावर दोन माथे, मध्ये खिंड. उजवा उंच, डावा थोडा बसका. सह्याद्रीत हिंडलेल्याला हे जोडपं ओळखायला वेळ लागत नाही. राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन. मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आहे. श्रीवर्धन पूर्वेला आणि मनरंजन पश्चिमेला. त्यामुळे उंच माथा उजवीकडे दिसतो तो दक्षिणेकडून पाहणाऱ्याला. म्हणजे जागा बोरघाटात, खंडाळ्याच्या आसपास, मुंबई-पुण्याच्या जुन्या रस्त्यावर. गाडी डाव्या बाजूने चालते आणि टपरी तर खिडकीला अगदी लागून होती. म्हणजे दरी डाव्या हाताला होती आणि बस घाट चढून पुण्याकडे चालली होती.

फोटोत आणखी एक खूण होती, ती मला फार उशिरा दिसली. छपरीच्या खांबाची सावली आखूड होती, म्हणजे वेळ भर दुपारची. पण ती राजमाचीकडे नव्हे, बसकडे पडली होती. दुपारची सावली आपल्याकडे वर्षातला बराच काळ उत्तरेला पडते. मेच्या मध्याला सूर्य खंडाळ्याच्या बरोबर डोक्यावर येतो, मग उत्तरेला सरकतो आणि जुलैच्या अखेरीला परततो. तेवढ्याच दिवसांत माध्यान्हीची सावली दक्षिणेला जाते. गवत वाळलेलं होतं, आभाळ कोरडं. म्हणजे पावसाआधीचे दिवस, मेचा उत्तरार्ध किंवा जूनची सुरुवात. मी त्याच सुमाराला निघालो.

खोपोली सोडली की जुना रस्ता लगेच चढणीला लागतो. हा रस्ता १८३० साली, गव्हर्नर माल्कमच्या काळात, वाहतुकीला खुला झाला. चढणीवर शिंगरोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर तो हाच, असं सांगतात. अजूनही ड्रायव्हर देवळापाशी गाडी हळू करून नाणं टाकतात. खाली दरीत आगगाडी चढत होती. कर्जतहून लोणावळ्याकडे येणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. त्यांचा घुमणारा आवाज गाडी दिसण्याच्या कितीतरी आधी येतो आणि ती बोगद्यात शिरल्यावरही काही वेळ कड्यांमध्ये रेंगाळतो. मेमधला घाट मला पावसाळ्यातल्या घाटापेक्षा जास्त आवडतो. धुकं नाही, धबधबे नाहीत, गर्दी नाही. काळा कातळ उघडा पडलेला, जाळ्यांवर करवंदं काळी पडू लागलेली, आणि वळणावळणाला तापलेल्या ब्रेकचा वास.

खंडाळ्यात मी आधी टपरीच विचारत होतो. प्रत्येक जण आपापल्या ओळखीची एखादी टपरी दाखवी, आणि तिथून राजमाची दिसतच नसे. मग रस्त्याकडेच्या पारावर एक म्हातारे गृहस्थ भेटले. उमेदीची वर्षं त्यांनी ट्रक चालवण्यात घालवली होती. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि टपरीकडे लक्षच दिलं नाही. त्यांचं बोट गेलं फियाटकडे.

"बॉनेट उघडलंय. म्हणजे पाण्याला थांबलीय. पाणी कुठं होतं ते विचारा."

त्यांनी मग जे सांगितलं त्यात मला त्या टपरीचं सगळं गणित सापडलं. खोपोली ते खंडाळा ही साधारण ५०० मीटरची चढण, ती जुन्या गाड्या खालच्या गिअरमध्ये, इंजिन जोरात फिरवत पण पाऊलभर वेगाने चढायच्या. वेग नाही म्हणून समोरून वारा नाही. वारा नाही म्हणून रेडिएटरमधलं पाणी निवत नाही. मे महिन्यात तर ते हमखास उकळायचं. अशा वेळी झाकण लगेच उघडायचं नसतं. आतली वाफ दाबाखाली असते, हात आणि तोंड भाजतं. आणि रिकाम्या, लालबुंद इंजिनात एकदम गार पाणी ओतलं तर धातू आकसून हेड तडकतं. तेव्हा बॉनेट उघडायचं, थांबायचं, वाफ निवली की ओलं गोणपाट टाकून झाकण हळूहळू फिरवायचं, आणि इंजिन चालू ठेवून थोडं थोडं पाणी सोडायचं.

"मग तेवढा वेळ ड्रायव्हर काय करणार?" काका म्हणाले. "चहा पिणार."

टपरी म्हणून वाटेल तिथे नव्हती. चढण संपत आलेली, गाडी बाजूला घेण्याइतकी सपाट जागा आणि बारमाही पाणी, या तीन गोष्टी जिथे एकत्र येतील तिथेच ती असू शकत होती. आणि घाटात मेमध्ये पाणी असलेल्या जागा थोड्या. सह्याद्रीचा कातळ लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालेला आहे. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातकट दगडाचा पातळ पट्टा असतो. वरच्या कातळाच्या भेगांतून मुरलेलं पावसाचं पाणी या पट्ट्यापाशी अडतं, आडवं वाहतं आणि रस्त्यासाठी डोंगर कापलेला असेल तिथे झिरपून बाहेर येतं. काकांना भूगर्भशास्त्र सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "लाल पट्टा बघत जा. जुनं वळण आहे, रस्ता रुंद केला तेव्हा बाजूला पडलं."

ते वळण सापडलं. डांबर फुटून त्यातून गवत आलेलं, कठड्याचे दोन-तीन दगड शिल्लक. डोंगराच्या बाजूला हातभर रुंद लाल पट्टा आणि त्याखाली सिमेंटची एक कुंडी, शेवाळलेली, निम्मी भरलेली. मेमध्ये ओली. मी पाणी हातावर घेतलं, गार होतं.

आता राजमाची. फोटोत जवळच्या डोंगराची एक उतरती सोंड मनरंजनाच्या पायथ्याला अगदी चाटून गेली होती. जवळची आणि दूरची अशा दोन खुणा जुळवणं ही जागा शोधण्याची सर्वांत भरवशाची रीत. नुसता दूरचा डोंगर मैलभर चाललं तरी फारसा बदलत नाही, पण जवळची सोंड दहा पावलांत त्याच्यावरून सरकते. मी वळणावर खाली-वर चालत राहिलो. एका ठिकाणी डाव्या-उजव्या अंगाने सगळं जुळलं, तरी सोंड फोटोतल्यापेक्षा वर येऊन पायथा झाकतच होती. मग ध्यानात आलं, मावशी बसमध्ये बसली होती, माझ्यापेक्षा उंचावर. मी डोंगराकडच्या एका मोठ्या धोंड्यावर चढलो. सोंड खाली गेली आणि मनरंजनाचा पायथा मोकळा झाला. समोर, दरीच्या काठाला, दगड रचून सपाट केलेली खाटेएवढी जागा होती. कोपऱ्यात एका खांबाचा खड्डा, बाजूला काळा पडलेला चुलीचा दगड. एक काठी जमिनीत उभी रोवली. सूर्य माथ्यावर होता. वीतभरही नसलेली तिची सावली दक्षिणेला, माझ्याकडे पडली.

मी तिथे बराच वेळ बसून राहिलो. दरीतून गरम वारा येत होता, वरच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज अखंड येत होता आणि त्यातली एकही थांबत नव्हती.

परतताना काकांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्या बाई राजमाची पॉइंटजवळ भाजलेली कणसं विकतात. फोटो पाहून त्या आधी काही बोलल्या नाहीत. मग बाकड्यावर बोट ठेवलं.

"दादा, ही फळी आमचीच. या टोकाचा पाय मोडला होता, म्हणून खाली धोंडा लावलेला. बघा, हे टोक जाड दिसतंय."

पुसट फोटोत मला ते कधीच दिसलं नसतं. टपरी त्यांच्या सासऱ्यांची. पाटीवर काय लिहिलं होतं, असं विचारल्यावर त्या हसल्या. वाचायला येत नव्हतं, सासऱ्यांनाही नाही. पाटी एका पेंटरने चहाच्या बदल्यात रंगवून दिली होती. सासरे पहाटे कुंडीतून पाण्याचे डबे भरून रस्त्याला ओळीने मांडत.

"पाण्याचे पैसे?"

"घाटात पाण्याचे पैसे कोण घेतं? चहाचे घ्यायचे. तेही कुणाकडे नसले तर नाही."

टपरी बंद कशाने झाली, हे मी विचारलं तेव्हा द्रुतगती मार्गाचं उत्तर येईल असं मला वाटलं होतं. तो मार्ग २००२मध्ये पूर्ण झाला आणि मोठी रहदारी तिकडे वळली, हे खरंच आहे. पण बाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्याच्या आधीच गाड्या थांबेनाशा झाल्या होत्या. नव्या गाड्यांच्या रेडिएटरला विजेचा पंखा आला, पाणी बंदिस्त झालं, इंजिनं दमदार झाली. रस्ता तोच होता, गाड्याही वाढत होत्या, पण डबे भरलेले तसेच राहायला लागले. मला त्यांचं कारण जास्त पटतं. ती टपरी चहाच्या तहानेवर नव्हे, इंजिनाच्या तहानेवर उभी होती.

फोटोची एक प्रत मी बाईंना दिली. सासऱ्यांचा एकही फोटो त्यांच्या घरी नव्हता. या फोटोत ते छपरीखाली एक उभा करडा पट्टा एवढेच आहेत, तरी त्यांनी तो पट्टा ओळखला आणि घरातल्यांना दाखवायला म्हणून पदराखाली जपून ठेवला.

घरोघरच्या अल्बममध्ये असे हललेले फोटो असतात आणि आवराआवरीत तेच आधी फेकले जातात. ते फेकू नका. जवळचं पुसलेलं असलं तरी मागचा डोंगर, देवळाचा कळस, पुलाची कमान नीट बघा. आणि तो फोटो काढणारं माणूस घरात असेल तर आजच त्याच्याजवळ बसा, कुठला, कधीचा, कोण कोण होतं ते विचारा, आणि मऊ पेन्सिलीने, जोर न देता, मागच्या बाजूला लिहून ठेवा.