लेख वाचायचा नव्हता, सांगायचा होता

रोहण्याच्या मुलांसाठी मी पुलगाव–आर्वी छोट्या रेल्वेवर एक लेख लिहिला होता. आपल्या गावावरून जाणारी गाडी, पण आजच्या मुलांनी ती धावताना पाहिलेली नाही. परिसर अभ्यासाला उपयोगी पडेल म्हणून तोच लेख मोबाईलवर वाचून रेकॉर्ड केला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "काय ऐकलं?" एक मुलगा म्हणाला, "सर, ती गाडी सातशे बासष्ट मीटर लांब होती." बाकीचे गप्प. चौथीतला एक विद्यार्थी अजून अक्षर-अक्षर जुळवून वाचतो. खरं तर त्याच्यासाठीच मी आवाजाचा खटाटोप केला होता. तो खाली मान घालून बसला होता.

चूक मुलांची नव्हती. मी वाचलेलं वाक्य असं होतं:

"वर्धा जिल्ह्यातील पुलगाव व आर्वी या गावांना जोडणारा सुमारे ३५ कि.मी. लांबीचा व ७६२ मि.मी. रूळ-अंतर असलेला हा अरुंदमापी लोहमार्ग परिसरातील कापूस मुंबई–नागपूर मुख्य मार्गावरील पुलगाव स्थानकापर्यंत पोहोचविण्याच्या उद्देशाने ब्रिटिश खासगी कंपनीमार्फत बांधण्यात येऊन १९१७ साली वाहतुकीस खुला करण्यात आला."

चाळीस शब्द, आणि काय झालं ते कळतं अगदी शेवटच्या शब्दाला. कागदावर डोळा मागे जाऊ शकतो, कानाला ती सोय नाही. 'लोहमार्ग' ऐकल्यावर 'आला' येईपर्यंत मुलाने सगळं डोक्यात धरून ठेवायचं, आणि त्याआधीच दोन आकडे त्याच्या अंगावर आलेले.

मग मी वाक्यं तोडली. पहिल्या प्रयत्नात नुसतीच तोडली: "गाडी छोटी होती. ती पुलगावहून निघे. ती आर्वीला जाई. ती कापूस नेई." स्वतः ऐकलं तर पहिलीच्या वाचनपाठासारखं वाटलं. वाक्यं लहान होती, पण बोलणं नव्हतं. एक तर 'निघे', 'जाई' असं आपण बोलतच नाही, 'निघायची', 'जायची' म्हणतो. दुसरं म्हणजे बोलताना आपण एक वाक्य दुसऱ्याला 'मग', 'पण', 'म्हणून' याने बांधतो, मध्येच प्रश्न विचारतो, कधी क्रियापदानंतरही एखादा शब्द सोडतो. हे सगळं मी लेख लिहिताना झाडून काढलं होतं, ते परत आणावं लागलं.

दुसऱ्यांदा लेख बाजूला ठेवला. आमच्या आईला फोनवर सांगतोय असं समजून मोबाईलसमोर न बघता बोललो, आणि ते ऐकून कागदावर उतरवलं. मग दुरुस्त केलं. तयार झालं ते असं. एक रेघ म्हणजे छोटा थांबा, दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास:

आपल्या रोहण्यावरून एक छोटी गाडी जायची. / पुलगावहून निघायची, आर्वीला पोचायची. // किती छोटी? / मोठी फूटपट्टी घ्या, तीस सेंटिमीटरची. / अशा अडीच पट्ट्या जमिनीवर एकापुढे एक ठेवा. / साधारण एवढंच अंतर होतं, तिच्या दोन रुळांमध्ये. / आणि पुलगावच्या मोठ्या गाडीच्या रुळांमध्ये? / साडेपाच पट्ट्या! // मग ही गाडी बांधली कशासाठी? / माणसांसाठी? / नाही. मुख्य म्हणजे कापसासाठी. / आर्वीकडचा कापूस छोट्या गाडीने पुलगावला यायचा. / आणि पुलगावहून मोठ्या गाडीने पुढे, मुंबईकडे.

'माणसांसाठी? नाही.' हे मी मुद्दाम तसं ठेवलं. लेखात होतं, "हा मार्ग प्रामुख्याने प्रवाशांसाठी बांधलेला नव्हता." मराठीत नकार शेवटी येतो आणि वाक्याच्या शेवटी आपला आवाज पडतो, श्वासही संपत आलेला असतो. माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये 'नव्हता' जवळजवळ गिळला गेला होता. ऐकणाऱ्याला उलटाच अर्थ गेला असता. नकार सुटा करून वेगळ्या श्वासात म्हटला की तो हरवत नाही.

लिहिण्यातली एक बारीक गोष्ट. स्क्रिप्टमध्ये 'होते', 'सांगितले' असं लिहिलं की तोंड तेच वाचतं आणि लगेच बातमीचा सूर लागतो. म्हणून कागदावरच 'होतं', 'सांगितलं' लिहायचं, शुद्धलेखनाची वही तपासतो तेव्हा आपण काहीही म्हणत असलो तरी. 'वरील', 'खालील', 'सदर' हे शब्द काढलेच, कारण आवाजात वर-खाली काही नसतं. आणि 'तो', 'ती', 'त्याचा' फार वापरायचे नाहीत. दोन-तीन वाक्यांनी पुन्हा 'गाडी' म्हणायचं. निबंधात तो पुनरुक्तीचा दोष, इथे ती मुलांची सोय.

बोलीचं काय करायचं यावर मी अडलो होतो. आमची मुलं 'कशासाठी' म्हणत नाहीत, 'कायले' म्हणतात. सगळंच वऱ्हाडीत बोललो असतो तर ती नक्कल वाटली असती, मी काही इथला नाही. शेवटी तो प्रश्न एका मुलीच्या आवाजात घेतला: "सर, गाडी कायले बांधली जी?" आणि उत्तर माझ्या आवाजात. स्क्रिप्टमधलं सगळ्यात जिवंत वाक्य तेच झालं.

आता लांबीचं. मला वाटलं होतं, सोपं केलं की छोटं होईल. झालं उलटं. माझ्या सावकाश बोलण्यात मिनिटाला ११० च्या आसपास शब्द बसतात. चारशे शब्दांचा लेख पूर्ण बोलून लिहिला तर सातशेच्या पुढे गेला, म्हणजे सहा मिनिटांच्या वर. आमची चौथीची मुलं तीन मिनिटांनंतर चुळबुळ करतात, त्यामुळे अर्धं गाळावं लागलं. कोणतं गाळायचं हे वाक्यं तोडण्यापेक्षा अवघड होतं. खासगी कंपनी काढली, पस्तीस किलोमीटर काढले. रुळांचं अंतर, कापूस आणि साल एवढंच ठेवलं. कंपनी काढताना जिवावर आलं, कारण लेखात मला तोच भाग आवडायचा. पण 'कंपनीची रेल्वे म्हणजे काय' हे समजावायलाच वेगळी तीन मिनिटं लागली असती.

नवीन रेकॉर्डिंग वर्गातच ऐकवलं, एकदाच. मग "काय कळलं?" असं न विचारता "मला सांगा, मी ऐकलंच नाही असं समजा," म्हटलं. चौथीतला तोच मुलगा उठला. कपाटातून पट्टी काढली, फरशीवर दोनदा पूर्ण आणि एकदा अर्धी ठेवली, खडूने दोन खुणा केल्या आणि त्यांच्या दोन बाजूंना पाय ठेवून उभा राहिला. "एवढीशी होती सर. कापूस न्यायची. एकोणीसशे सत्तरमध्ये सुरू झाली."

सतरा आणि सत्तर! कागदावर ही गल्लत झाली नसती, कानाला मात्र दोन्ही शब्द शेजारी-शेजारी. आणि साल मी वाक्याच्या शेवटी, पडत्या आवाजात म्हटलं होतं. त्या संध्याकाळी तेवढा तुकडा बदलला: "साल होतं एकोणीसशे सतरा. / सोळानंतरचं सतरा. / म्हणजे शंभर वर्षांपेक्षाही आधी." पुन्हा रेकॉर्ड केला आणि या वेळी ग्रुपवर टाकण्याआधी त्याच मुलाला ऐकवला.