टोकन देऊ हो, पण आधी भिंतीचं बोलू!

लग्नाच्या स्थळाचा फोटो आणि भाड्याच्या फ्लॅटचा फोटो, दोन्ही जरा जपूनच बघावेत. स्थळाच्या बाबतीत निदान मावशी-आत्या चौकशी तरी करतात. फ्लॅटच्या बाबतीत आपण, आपला मोबाइल आणि एजंटचा ‘मॅडम, लगेच सांगा, दुसरी पार्टी संध्याकाळी येतेय’ हा निरोप!

अंबडला नोकरी, त्यामुळे मी आणि माझी मैत्रीण पाथर्डी फाट्याच्या आसपास घर शोधत होतो. टू बीएचके, भाडं १६,०००, डिपॉझिट ५०,०००, एजंटची फी एक महिन्याचं भाडं. फोटो एकदम झकास. किचनमध्ये ट्रॉल्या, बेडरूमला वॉर्डरोब, बाथरूमला गीझर, मोकळी बाल्कनी आणि हॉल एवढा मोठा की हळदी-कुंकू करावं. आमच्या बजेटमध्ये हे सगळं म्हणजे लॉटरीच.

रविवारी प्रत्यक्ष गेलो. हॉलमध्ये सोफा ठेवला तर चालायला वाट उरेल की नाही, अशी शंका. (मोबाइलची वाइड लेन्स कोपऱ्यात उभं राहून लावली की दहा फुटांची खोली चौदा फुटांची दिसते. फोटोच्या कडेची दारं-खिडक्या ताणल्यासारख्या दिसत असतील तर ओळखायचं.) किचनचा ओटा होता, खाली ट्रॉल्या नव्हत्या. गीझरच्या जागी दोन स्क्रू. आणि बेडरूमच्या एका भिंतीला खालून साधारण दीड फुटापर्यंत रंगाचे पोपडे आलेले.

मैत्रीण तिथेच भडकली. ‘भाऊ, ही सरळ फसवणूक आहे!’ एजंटभाऊंचा चेहरा मात्र खरंच गोंधळलेला होता. बोलता बोलता कळलं, की हा फ्लॅट त्यांनीही पहिल्यांदाच बघितला होता. फोटो दुसऱ्या एजंटकडून आलेले, त्याला आणखी कुणीतरी पाठवलेले. एजंट लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो असाच फिरत राहतो. मधल्या काळात भाडेकरू बदलतात. इथे तेच झालं होतं. ट्रॉल्या आणि गीझर आधीच्या भाडेकरूंचे स्वतःचे होते, जाताना ते घेऊन गेले. फोटो खोटे नव्हते, जुने होते.

हा फरक मला महत्त्वाचा वाटला. ‘तुम्ही फसवताय’ म्हटलं की समोरचा माणूस स्वतःचा बचाव करत बसतो, आणि ट्रॉलीचं राहून जातं. ‘फोटोत हे होतं, इथे हे नाही, मग भाडं कशाचं ठरलंय?’ असं विचारलं की त्याला मालकाला फोन करावाच लागतो.

पोपडेवाली भिंत मात्र नीट बघायला हवी होती. ओल वरून, स्लॅबच्या बाजूने उतरत असेल तर बहुतेकदा गच्चीतून पाणी झिरपतंय, आणि ते पावसाळ्यात जास्त दिसतं. ओल खालून चढत असेल तर पलीकडे काय आहे ते बघायचं. आमच्या भिंतीपलीकडे बाथरूम होतं. म्हणजे नळाचा एखादा जोड किंवा न्हाणी ट्रॅप गळत असणार, आणि ही गळती बारा महिने चालू राहते. वरून रंग मारला तर काही आठवडे भिंत छान दिसते, मग पुन्हा पोपडे. म्हणून ‘पेंटिंग करून देतो मॅडम’ हे उत्तर पुरेसं नसतं. आधी प्लंबर, मग भिंत वाळू द्यायची, मग रंगारी.

टोकन पाच हजार, ‘आत्ताच जीपे करा.’ मी म्हटलं, घरी जाऊन मेसेज करते, आजच करते. आणि खरंच केला. तोंडी बोलणं हवेत विरतं, मेसेज राहतो. तो असा होता:

‘नमस्कार भाऊ. आज फ्लॅट दाखवलात, थँक्यू. लोकेशन आवडलं, घ्यायची इच्छा आहे. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत किचन ट्रॉल्या आणि गीझर आहेत, प्रत्यक्षात नाहीत. बेडरूमच्या भिंतीला बाथरूमच्या बाजूने ओल आहे. आजचे फोटो सोबत पाठवतेय. कृपया मालकांना विचारून एवढं कळवा: १) ट्रॉल्या आणि गीझर मालक बसवून देणार का, नसतील तर भाडं किती? २) बाथरूमची गळती कोण दुरुस्त करणार, आणि आम्ही राहायला येण्याआधी होईल का? ३) टोकन कुणाच्या खात्यावर द्यायचं, आणि व्यवहार झाला नाही तर ते परत मिळेल का? ४) मालकांच्या नावाचं लाइट बिल किंवा घरपट्टीची पावती बघायला मिळेल का? उत्तर आलं की मालकांच्या खात्यावर लगेच टोकन देते.’

या मेसेजमध्ये रागाचा एक शब्द नाही, पण पैसे कधी निघणार हे स्पष्ट आहे. तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा. टोकन परत मिळणार की नाही, हे देताना काय ठरलं त्यावर अवलंबून असतं. काहीच ठरलं नसेल तर नंतर प्रत्येकाची आठवण वेगळी! चौथ्या प्रश्नाने दोन कामं होतात. घर खरंच त्या माणसाचं आहे का, हे कळतं आणि लाइट बिलाची थकबाकीही दिसते.

आणि हो, ‘रेराकडे तक्रार करते’ अशी धमकी देऊन उपयोग नाही. २०१७ पासून महारेराकडे एजंटांची नोंदणी होते, ती बिल्डरच्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी. भाड्याच्या जुन्या फ्लॅटचं भांडण तिथे बसत नाही. आपल्या कामाचा कायदा दुसरा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. भाडेकरार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. म्हणून मालक काय देणार, काय दुरुस्त करणार, ही यादी करारातच लिहून घ्यायची.

सोमवारी उत्तर आलं. मालक गीझर बसवायला तयार, ट्रॉल्या नाहीत, त्याबद्दल भाडं १५,०००. टोकन त्यांच्याच खात्यावर, गळती दुरुस्त झाली नाही तर पूर्ण परत. लाइट बिलाचा फोटोही आला, नाव बरोबर, थकबाकी शून्य. ‘संध्याकाळची दुसरी पार्टी’ मात्र काही आली नाही.

मी मालकांना टोकन पाठवलं, आणि कशाबद्दल, कोणत्या अटीवर, हे त्याच मेसेजखाली लिहिलं. प्लंबर आला, बाथरूमची फरशी फोडली, ट्रॅपचा जोड बदलला. भिंत वाळायला जवळपास तीन आठवडे गेले, तेवढे दिवस मैत्रिणीच्या पीजीत दोघींनी एका कॉटवर काढले. चावी घेताना मी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला आणि त्याच दिवशी मालकांना पाठवून दिला. उद्या डिपॉझिट परत मागायची वेळ येईल, तेव्हा पोपडे आमच्या आधीचे की नंतरचे, हा प्रश्न निघणारच आहे.