खोक्याची मागची बाजू

जपानहून येणाऱ्या बॅगेत चॉकलेटं, पेनं आणि माचाच्या पुड्यांबरोबर हल्ली औषधाचं एखादं खोकं असतंच. पुण्यात जपानी शिकून तिकडे नोकरीला गेलेली मुलं पुष्कळ आहेत आणि आई-वडिलांच्या काळजीने ती हे आणतात. मुलगा परत गेला की खोकं कपाटात राहतं. मग कधीतरी घरात कुणाला शिंका सुरू होतात आणि खोक्याचा फोटो माझ्या फोनवर येतो. मी नारायण पेठेत राहतो, जपानी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचा अनुवाद करतो, आणि आमच्या गल्लीत हे सगळ्यांना माहीत आहे. फोटोखाली एकच ओळ असते : "याबद्दल जरा सांग."

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी पाठवलेला फोटो काक्कोन्तोचा होता. हे जपानमध्ये घरोघरी असणारं सर्दीचं औषध. सात वनस्पतींचा अर्क, दाणेदार भुकटीच्या पुड्यांमध्ये भरलेला. मूळ पाठ सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या चिनी वैद्यकग्रंथातला. मी हौसेने लिहिलं, "काकू, हे सर्दीच्या सुरुवातीला घेतात. आपल्या काढ्यासारखंच आहे. आलं, दालचिनी, ज्येष्ठमध, बोरं असं सगळं त्यात असतं. जेवताना एक पुडी गरम पाण्यातून घ्यायची." काकूंनी नमस्काराचं चिन्ह पाठवलं आणि विषय संपला असं मला वाटलं.

त्या उत्तरात ज्या वनस्पतीचं नाव मी घेतलं नाही, तिच्यावरच सगळं अवलंबून होतं. जपानीत तिला माओ म्हणतात, शास्त्रीय नाव एफेड्रा. इफेड्रिन हे द्रव्य तिच्यातच असतं. त्याने चोंदलेलं नाक मोकळं होतं, पण हृदयाचे ठोके आणि रक्तदाबही वाढतो, रात्री झोप उडते. ती मी वगळली, कारण तिला मराठीत चटकन नाव सुचलं नाही आणि ओळखीची नावं सांगितली की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. ज्येष्ठमध तर मी भरवसा देण्यासाठीच सांगितलं होतं. पण तेही रोज पोटात जात राहिलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम कमी होतं आणि रक्तदाब चढतो. जपानी खोक्यावर वा आतल्या पत्रकात हा त्रास नावानिशी दिलेला असतो आणि त्याची लक्षणंही असतात : हातपाय जड होणं, स्नायू दुखणं, सूज.

पुड्या काकांना दिल्या होत्या. काकांना रक्तदाबाची गोळी चालू होती, शिवाय लघवी साफ होण्याची, म्हणजे पोटॅशियम आणखी कमी करणारी. काही दिवसांनी त्यांना धडधडायला लागलं, झोप लागेना, दाब मोजला तर वरचा आकडा १७०च्या पुढे. डॉक्टरांनी नवीन काय घेताय म्हणून विचारलं तेव्हा पुडी पुढे आली आणि ती त्यांनी बंद करायला सांगितली. दाब पुन्हा जागेवर आला. तो पुड्यांमुळेच चढला होता हे कुणी सिद्ध केलेलं नाही. पण त्या पुड्या काकांना मिळायलाच नको होत्या, आणि त्यांचा मार्ग मी मोकळा केला होता.

मग मी काकूंकडून ते खोकं मागून घेतलं आणि टेबलावर ठेवून सगळ्या बाजूंनी वाचलं. मागच्या बाजूला दोन मथळे असतात. 'शिते वा इकेनाइ कोतो' म्हणजे करू नयेत अशा गोष्टी. 'सोदान सुरु कोतो' म्हणजे आधी डॉक्टरला किंवा औषध विक्रेत्याला विचारा. या दुसऱ्या मथळ्याखाली सगळं छापलेलं होतं : वयस्कर माणसं, गर्भवती, खूप घाम येणारे, लघवीला अडचण असणारे, आणि उच्च रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार किंवा थायरॉइड वाढलेले. काका यातल्या दोन ओळींत बसत होते. फोटोत मात्र फक्त पुढची बाजू होती आणि मी मागची मागितली नव्हती.

पुढच्या बाजूवरही एक खूण होती, ती मी पाहून सोडून दिली. औषधाच्या नावाजवळ चौकटीत 'दुसऱ्या वर्गाचं औषध' असं छापलेलं असतं. जपानमध्ये अशी औषधं चिठ्ठीशिवाय मिळतात, पण विकणाऱ्याने शक्यतो माहिती द्यावी, दुसरी औषधं किंवा आजार आहेत का ते विचारावं, अशी तिथली अपेक्षा आहे. म्हणजे तिथे खोकं आणि घेणारा यांच्यामध्ये प्रश्न विचारणारा एक माणूस उभा असतो. पुण्यात ते खोकं वाचून दाखवणारा तोच माणूस होतो, त्याच्या मनात असो वा नसो.

'जेवताना' हेही चूकच होतं. खोक्यावर 'शोकुझेन माता वा शोक्कान' होतं. शोक्कान या शब्दातली चित्राक्षरं 'जेवण' आणि 'मध्ये' अशी, म्हणून घाईत तसा अर्थ लागतो. खरा अर्थ दोन जेवणांच्या मध्ये, म्हणजे जेवल्यावर साधारण दोन तासांनी, पोट रिकामं असताना. खुद्द जपानी माणसंही यात फसतात, पण मी यावर पोट भरतो, मला ते कारण चालणार नाही. आणखी एक जागा फसवी असते. घटकांच्या तक्त्यावर बहुधा 'तीन पुड्यांमध्ये' असं छोट्या अक्षरांत असतं, म्हणजे ग्रॅमचे आकडे दिवसभराच्या मात्रेचे असतात. ते एका पुडीचे समजले तर सगळा हिशेब तिप्पट चुकतो.

यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. समोरच्या इमारतीतल्या एका ताईंनी दुसऱ्या औषधाच्या खोक्याचे फोटो पाठवले, तेव्हा मी सगळ्या बाजूंचा ओळीने अनुवाद करून दिला, कंपनीचा पत्ता आणि साठवणुकीच्या सूचनांसकट. दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, "ते सगळं ठीक, पण आईला देऊ का?" ज्या ओळीत आईला न देण्याचं कारण होतं, ती माझ्या मजकुरात खूप खाली होती. त्या तिथवर पोचल्याच नव्हत्या.

आता उत्तर देण्याआधी मीच विचारतो : कुणासाठी, वय काय, रोजच्या गोळ्या कोणत्या? मग सगळ्या बाजू आणि आतलं पत्रक मागतो. चकाकणारी पुडी असेल तर फ्लॅश बंद करून, खिडकीजवळ धरून फोटो काढायला सांगतो. पहिल्या ओळीत त्या माणसाला लागू पडणारी मनाई लिहितो, नसेल तर तसं स्पष्ट लिहितो. मग औषध कशावर, कधी, किती, मग मुदत. मुदतीत आधी वर्ष आणि नंतर महिना असतो, २७.०३ म्हणजे मार्च २०२७. घटकांतलं एखादं नाव मला मराठीत सांगता आलं नाही तर ते गाळत नाही, शास्त्रीय नाव देतो आणि डॉक्टरांना दाखवायला सांगतो.

नुसती सुटी पुडी आली तर मात्र मी नावापुढे जात नाही. पुडीवर इशारे क्वचितच मावतात, आणि एकच काक्कोन्तो एक कंपनी दिवसाला दोन पुड्यांचं विकते, दुसरी तीन पुड्यांचं. कुठल्या खोक्यातली आहे हे कळल्याशिवाय किती घ्यायची ते मी सांगत नाही, काकूंनी विचारलं तरी.