बिऱ्हाडातला फळा

आमच्या बिऱ्हाडात देवाची तसबीर नाही. परंतु सकाळी उठल्याबरोबर ज्याच्यापुढे उभे राहिल्यावाचून कोणासही चहा मिळत नाही असा एक फळा मात्र आहे. दोन फूट रुंद, तीन फूट उंच, पांढरा, आणि मागे लोखंडी पत्रा असलेला. स्वयंपाकघराच्या दारालगत, जेथून ओट्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाचा खांदा त्याला घासतो, अशाच जागी तो मुद्दाम लावला आहे. आरंभी तो बाहेरच्या खोलीत होता, आणि तेथे तो पाहुण्यांनीच काय तो वाचला.

आम्ही चौघे पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका जागेत 2023 च्या जूनपासून राहतो. भाडे, वीज, दूध यांचे प्रश्न पहिल्या दिवशीच सुटले. कारण पैशाला चाराने भाग जातो. कामाला तसा भाग जात नाही, ही गोष्ट समजण्यास आम्हाला आठ महिने लागले. सकाळी मावशी येऊन भांडी आणि केरफरशी करून जात. उरलेले सर्व 'ज्याच्या लक्षात येईल त्याने करावे', असा उदार करार आम्ही केला होता. या कराराचा अर्थ व्यवहारात असा झाला की ज्याचे लक्ष तीक्ष्ण त्याने राबावे, आणि ज्याचे बोथट त्याने सुखाने झोपावे. मोबाइलवर चौघांचा एक गट होता. त्यावर 'दिवाणखान्यातला दिवा गेला आहे' असे कोणी लिहिले, की तिघे अंगठा वर करीत. अंगठ्याचा अर्थ 'मी आणतो' असा, की 'मीही पाहिले' असा, हे कोणी विचारले नाही; आणि संध्याकाळपर्यंत तो निरोप क्रिकेटच्या चर्चेखाली गाडला जाई.

फेब्रुवारीत एका रात्री वामनने जेवता जेवता सांगितले, "मी दुसरी खोली बघतोय." त्याच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच आम्ही घाबरलो. त्या रात्री शरदच्या सूचनेवरून प्रत्येकाने एकेका चिठ्ठीवर, 'या घराचे शंभरांपैकी किती काम मी करतो' याचा आकडा लिहिला. बेरीज एकशे पंचावन्न आली! प्रथम आम्ही एकमेकांना लबाड समजलो. पुढे कळले की 1979 साली मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी नवराबायकोंच्या जोड्यांना याच तऱ्हेचे प्रश्न विचारले होते, आणि तेथेही दोघांच्या वाट्यांची बेरीज बहुधा पूर्णाहून अधिक भरत असे. यात लबाडी नसते. आपण उचललेला कचऱ्याचा डबा आपल्या हाताला आठवतो. दुसऱ्याने उचललेला डबा आपल्या दृष्टीने नुसता रिकामा असतो.

पण चिठ्ठ्यांहून अधिक बोलकी गोष्ट पुढे झाली. कोण काय करतो याची यादी करू लागलो, तेव्हा वामनच्या नावापुढे अशी कामे निघाली की जी आमच्यापैकी तिघांना कामे म्हणून ठाऊकच नव्हती. विरजणापुरते दही बाजूला काढून ठेवणे, पाणी येण्याच्या वेळी पिंप भरले की नाही हे पाहणे, गाळणीची कांडी घासणे, मावशींची सुटी लक्षात ठेवून आदल्या रात्री भांडी आवरणे. यांतील एकाही कामाला दहा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. वामनला थकवा येत होता तो ही कामे करण्याचा नव्हे, तर ती चोवीस तास ध्यानात बाळगण्याचा, आणि त्याहूनही अधिक, इतरांना त्यांची आठवण करून देण्याचा. आम्ही त्याला थट्टेने 'सासूबाई' म्हणत असू. आज त्या थट्टेची लाज वाटते.

फळा आला तो असा. त्यावर तीन उभे रकाने आखले: 'उरलेले', 'घेतलेले' आणि 'झालेले'. शरद चाकणच्या बाजूला एका मोटारींच्या कारखान्यात नोकरीस आहे. त्याने सांगितले की जपानात टोयोटाच्या कारखान्यात ताइची ओनो यांनी अशाच पाट्यांवर सुट्या भागांची सगळी ये-जा बसवली, आणि तिकडे तिला 'कानबान' म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच मुळी पाटी. तेव्हा फळ्यावर लिहून पुसण्याऐवजी आम्ही प्रत्येक कामाचे पत्त्याएवढे कार्ड केले, आणि प्रत्येकाने आपापल्या रंगाची दोनच लोहचुंबके घेतली. काम घेणाऱ्याने कार्ड मधल्या रकान्यात सरकवून त्यावर आपले चुंबक लावायचे. चुंबके दोनच असल्यामुळे उत्साहाच्या भरात सात कामे घेऊन एकही न करण्याची सोय उरली नाही.

पहिला आठवडा फसला. 'स्वयंपाकघर स्वच्छ करणे' हे कार्ड सहा दिवस पहिल्या रकान्यात लोंबत राहिले. ते घेण्यास कोणी धजेना; कारण त्याचा शेवट कोठे होतो हे कोणासच ठाऊक नव्हते. ओटा पुसला की ते संपते, की फोडणीच्या डब्याखालचे तेलही त्यातच येते? मग आम्ही ते फाडून चार कार्डे केली, आणि प्रत्येकावर काम झाल्याची खूण लिहिली. 'ओला कचरा खाली नेणे. डबा धुऊन पालथा घालणे.' यातील उत्तरार्ध लिहीपर्यंत डबा रोज खाली जाई आणि रोज घाण परत येई, आणि नेणारा प्रामाणिकपणे म्हणे की काम झाले. एखादे कार्ड तीन दिवस कोणीच उचलीत नसेल, तर दोष आळसाचा न मानता ते फार मोठे तरी आहे किंवा अस्पष्ट तरी, असे आता आम्ही समजतो. मावशींनी फळ्याचे मर्म आमच्या आधी ओळखले. साबण संपला की त्या त्याचे कार्ड स्वतःच पहिल्या रकान्यात लावून जाऊ लागल्या. पूर्वी ते त्यांना दारात उभे राहून, आमच्यापैकी जो जागा सापडेल त्याला सांगावे लागे.

दुसरी अडचण सूक्ष्म होती. चुंबक लावताच काम केल्याचे निम्मे पुण्य मिळते, आणि मग उरलेल्या निम्म्याची घाई राहत नाही. माधवचे हिरवे चुंबक पंख्यावरच्या धुळीच्या कार्डावर अकरा दिवस होते. ते नसते तर आमच्यापैकी कोणीतरी पंखा पुसला असता. घेतलेले काम हे न घेतलेल्या कामापेक्षा अधिक बेवारशी असू शकते. म्हणून नियम केला की कार्ड घेताना त्यावर शिसपेन्सिलीने वार आणि वेळ लिहायची, आणि जमत नसेल तर त्या वेळेपूर्वी चुंबक काढून कार्ड परत ठेवायचे. कारण सांगायचे नाही, कोणी विचारायचेही नाही. ही शेवटची अट नसती तर लोक संकोचाने कार्डाला चिकटून राहिले असते.

खरा वाद झाला तो आठवणीवरून. कोणी कोणाला, केव्हा, किती वेळा आठवण द्यावी यावर आम्ही दोन रविवार घालवले, आणि ते सार्थकी लागले. ठरले ते असे. पहिली आठवण ज्याची त्याने स्वतःच्या मोबाइलवर लावायची, कार्ड घेतानाच, आपल्याला सोयीच्या वेळेची. लिहिलेली वेळ उलटेपर्यंत इतरांनी तोंड उघडायचे नाही. कारण वेळेपूर्वीची आठवण कितीही गोड शब्दांत दिली तरी 'तुझा भरवसा नाही' एवढेच तिच्यातून ऐकू येते. वेळ उलटल्यावर कोणीही एकाने, एकदाच, "फळा पाहिलास का?" असे म्हणावे. याहून एकही शब्द अधिक नाही. बंद दारातून नाही, कचेरीच्या वेळात नाही, पाहुण्यांदेखत तर नाहीच. रात्रीपर्यंत काम न झाल्यास कार्ड मुकाट्याने पहिल्या रकान्यात परत. वामनने एक कलम आपल्या हाताने जोडले: एकाच माणसाने लागोपाठ दोन आठवणी द्यायच्या नाहीत. ते वाचून आम्ही कोणी काही बोललो नाही. दुसरी खोली पाहण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

या सर्वांत आमचे आवडते कार्ड सिलिंडरचे. आमच्याकडे 14.2 किलोची दोन सिलिंडरे आहेत. एक साधारण पाच आठवडे पुरते. 'सिलिंडर नोंदवणे' हे कार्ड फळ्यावर नसतेच. ते भरलेल्या सिलिंडरच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेले असते. चालू सिलिंडर संपून दुसरे जोडायला घेतले की कार्ड आपोआप हातात येते आणि ते फळ्यावर लावावे लागते. कोणी तारीख लक्षात ठेवायची नाही, कोणी सिलिंडर हलवून अंदाज घ्यायचा नाही.

असे असूनही 2024 च्या ऑगस्टमध्ये आम्ही फसलो. सिलिंडर बदलले, कार्ड फळ्यावर आले, आणि माधवने ते घेतले. जोडणी त्याच्याच नावावर आहे. दुसऱ्या रात्री त्याच्या वडिलांना रुग्णालयात नेल्याचा दूरध्वनी आला, आणि तो मिळेल त्या गाडीने लातूरला गेला. फळ्यावर त्याची दोन्ही हिरवी चुंबके तशीच राहिली. आम्ही रोज त्यांच्यासमोरून चहाला जात होतो. कोणी हात लावला नाही. कारण नियमाप्रमाणे घेतलेले काम ज्याचे त्याचे असते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आठवण वाजली ती अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर. त्याने तेथूनच सिलिंडर नोंदवले. दोन दिवसांनी सिलिंडर दारात आले, आणि आणणाऱ्याने संकेतांक मागितला. तो माधवच्या मोबाइलवर गेलेला! आम्ही फोन केला. त्याने चार आकडे सांगितले, आणि मग हलक्या आवाजात म्हणाला, "अरे, पंखा मात्र राहिला रे."

त्या दिवशी आमचा फळा आम्हाला प्रथमच निर्दय वाटला. घर सोडून गेलेल्या माणसाला तो घरी आहे असेच समजत होता. संध्याकाळी शरदने खालच्या कडेला एक आडवी पट्टी आखून 'बाहेरगावी किंवा आजारी' असे लिहिले. जो तेथे असेल त्याची चुंबके इतरांनी न विचारता उतरवून पट्टीत ठेवायची, त्याची कार्डे तिघांनी वाटून घ्यायची, आणि त्याला एवढेच कळवायचे की मोबाइलमधल्या आठवणी पुसून टाक. जोडणीच्या खात्यावर दुसऱ्या कोणाचा क्रमांक घालता येतो का, याची चौकशी वामनने घेतली. पंखा त्याच रात्री पुसला गेला.

माधवचे वडील गेले. तो परत आला तेव्हा सप्टेंबर लागला होता. डोक्यावर नुकतेच केस उगवू लागले होते. पिशवी खाली ठेवून तो हातपाय धुऊन आला, चहासाठी स्वयंपाकघराकडे वळला आणि दारालगत थांबला. पट्टीत त्याची दोन्ही हिरवी चुंबके शेजारी शेजारी होती. ती तेथेच राहू दे, असे आमच्यापैकी कोणीतरी म्हणणार होते. त्याने त्यांतले एक उचलले, पहिला रकाना वरपासून खालपर्यंत वाचला, आणि ओल्या कचऱ्याचे कार्ड सरकवून त्यावर शिसपेन्सिलीने लिहिले: आज, रात्री नऊ.