भाच्याची गाडी आणि बॅटरीचा ताप

माझी उभी हयात पुण्याच्या एका कारखान्यात रेडिएटर बनवण्यात गेली. त्यामुळे आमच्या नातलगांत कुठंही काही तापलं, मग ते इंजिन असो की फ्रीज, की पहिली विचारणा माझ्याकडे होते. माणसांचा ताप तेवढा डॉक्टरांकडे जातो, एवढंच! तेव्हा नागपूरच्या भाच्यानं विजेवर चालणारी जुनी मोटार घ्यायचं ठरवलं आणि फोनवर विचारलं, "मामा, हवेनं थंड होणारी बॅटरी घेऊ की पाण्याची?" तेव्हा मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्याच्या पुढच्या वाक्याचं. "हवेची दीड लाखानं स्वस्त आहे, आणि दोन्हींत वीज तर ४० युनिटच मावते!"

पैसे माझ्या बहिणीच्या निवृत्तीचे होते. गाडी नागपूर-अमरावती भाड्यानं चालायची होती. तेव्हा उत्तर सांभाळून द्यायला हवं होतं.

वाचकहो, बॅटरी तापते कशानं, इथून सुरुवात करू. तिच्यातून वीज जाताना आतला थोडासा विरोध वीज खातो आणि तिची उष्णता करतो. यातली मेख अशी, की प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. भाच्याला मी कागदावर मांडून पाठवलं. त्याची बॅटरी ३५० व्होल्टची आणि आतला विरोध ओहमचा दहावा हिस्सा धरू. हमरस्त्यावर साधारण वेगानं जाताना गाडी १५ किलोवॅट ओढते, म्हणजे ४३ अँपिअर. त्यातून उष्णता होते जेमतेम दोनशे वॅट; जुन्या पद्धतीच्या दोन बल्बांएवढी. तीनशे किलोच्या बॅटरीला ती जाणवतही नाही. पण तीच गाडी ५० किलोवॅटच्या जलद चार्जरला लावली, की १४३ अँपिअर वाहू लागतात. प्रवाह सव्वातीन पट, आणि उष्णता? अकरा पट! दोन हजार वॅट. म्हणजे बंद पेटीत दोन इस्त्र्या चालू ठेवल्यासारखं.

अर्ध्या तासात या दोन इस्त्र्या बॅटरीचं तापमान बारा अंशांनी चढवतात. मे महिन्यात नागपुरात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. उन्हातून आलेली बॅटरी ४५ वर असली, तर अर्ध्या तासात ५७! साठाच्या आसपास कुठलीही शहाणी गाडी स्वतःच प्रवाह कमी करते. करायलाच हवा, नाहीतर बॅटरीचं आयुष्य जळतं.

आता ही उष्णता बाहेर काढायची कशी? हवेच्या काही गाड्यांत पंखा असतो. टोयोटाची प्रियस मागच्या आसनाजवळच्या जाळीतून आतली हवा ओढून बॅटरीवर सोडते. त्या जाळीत धूळ आणि कुत्र्याचे केस अडकले, की बॅटरी तापते. भाच्यानं पाहिलेल्या गाडीत तर पंखाही नव्हता. बॅटरी बंद पेटीत, आणि पेटीखालून जाणारा वारा हाच काय तो उपाय. गाडी चार्जरला उभी असते तेव्हा तो वाराही थांबतो.

दोन हजार वॅट काढायला किती हवा लागेल, याचाही हिशेब सोपा आहे. हवेचं तापमान पाच अंशांपेक्षा जास्त वाढू द्यायचं नसेल, तर मिनिटाला २१ हजार लिटर हवा बॅटरीवरून जायला हवी. पाणी मात्र सहा-सात लिटर पुरतं; बागेच्या नळीतूनही जाईल. हा फरक पंख्याच्या आकारानं भरून निघत नाही. शिवाय हवा पहिल्या घटांवरून जाते तेव्हा थंड आणि शेवटच्यांवरून जाते तेव्हा कोमट असते. त्यामुळे शेवटचे घट लवकर म्हातारे होतात, आणि सगळी बॅटरी त्यांच्या चालीनं चालते.

मग पाण्याचीच घ्यावी? इथं बहुतेकांचा घोटाळा होतो. पाणी स्वतः काही थंड करत नाही, ते फक्त उष्णता वाहून नेतं. बाहेर ४५ अंश असताना पुढच्या रेडिएटरमधून ते ४५ च्या खाली येणारच नाही, हे मी चाळीस वर्षं रेडिएटर विकणारा माणूस सांगतो! त्याखाली न्यायला गाडीच्या एअर कंडिशनरची थंडी पाण्याला द्यावी लागते. त्यासाठी एक लहानसा चिलर असतो. म्हणून भाच्याला लिहिलं, "पाणी आहे का, हे विचारू नकोस. चिलर आहे का, आणि चार्जिंगच्या वेळी तो चालतो का, हे विचार."

ह्या सगळ्याची सर्वांत खर्चिक शाळा अमेरिकेतल्या फिनिक्स गावात भरली. निसानची लीफ डिसेंबर २०१० मध्ये रस्त्यावर आली. बंद पेटीची, पंखा नसलेली बॅटरी. तिच्या पडद्यावर बॅटरीच्या ताकदीच्या बारा पट्ट्या दिसत. पहिली पट्टी पंधरा टक्के ताकद गेल्यावर विझे. २०१२ च्या उन्हाळ्यात फिनिक्सच्या मालकांच्या पट्ट्या विझू लागल्या. गंमत अशी, की त्यातले बरेचजण जलद चार्जर वापरतही नव्हते! गाडी नुसती उन्हात उभी राहून झिजत होती. पुढं कंपनीनं पाच वर्षांची हमी दिली, रसायन बदललं. तरी २०१८ च्या मोठ्या बॅटरीच्या गाडीत लांबच्या प्रवासात दुसरं जलद चार्जिंग मंदावतं, अशी ओरड झालीच. २०२२ च्या आरियाला शेवटी पाणी आलं. उभ्या गाडीत मात्र पाणीही फारसं कामाला येत नाही, कारण पंप झोपलेला असतो. सावली, आणि बॅटरी शंभर टक्के भरून दिवसभर उन्हात न ठेवणं, ही दोन्हींना सारखी लागू.

पाण्यालाही खर्च आहे. पंप, नळ्या, सांधे. गळती झाली तर विजेच्या पेटीत पाणी. काही गाड्यांना वीज कमी वाहून नेणारं खास द्रवच लागतं; कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्यानं नेहमीचं हिरवं ओतलं, तर नसता घोर लागायचा. हवेच्या गाडीत यातलं काहीच नाही, आणि रोज तीस-चाळीस किलोमीटर जाऊन रात्री घरच्या प्लगवर सावकाश चार्ज करणाऱ्याला दीड लाख वर देण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

पण भाच्याचं तसं नव्हतं. अमरावती दीडशे किलोमीटर, रोज जाऊन-येऊन, आणि वाटेत जलद चार्जिंग. "विकणाऱ्याकडे एक दिवस माग," मी सांगितलं. "दुपारी निघ, अमरावतीला चार्जरवर लाव आणि किलोवॅटचा आकडा लिहून ठेव. परत येऊन लगेच पुन्हा लाव. दोन्ही वेळा बॅटरी तितकीच रिकामी असू दे, नाहीतर तुलना खोटी ठरेल."

त्यानं केलं. पहिल्या वेळी पडद्यावर ४४ होते, दुसऱ्या वेळी १९. अर्ध्या तासाचं काम सव्वा तासावर गेलं, आणि भाड्याच्या माणसाला हा वेळ फुकट मिळत नाही. पाण्याच्या गाडीला त्याच दुपारच्या उन्हात लावलं, तर पहिल्याला ४५, दुसऱ्याला ४३. आणि एअर कंडिशनर बंद असूनही बॉनेटखाली कॉम्प्रेसर घुरघुरत होता.

"मामा, आवाज करतेय! बिघडली का?" त्यानं घाबरून फोन केला.

"नाही रे, चिलर चालू आहे. तेवढ्यासाठीच तुझी आई दीड लाख जास्त देतेय."

हवेची गाडी त्याच आळीतल्या एका प्राध्यापकांनी घेतली. कॉलेज घरापासून सहा किलोमीटर, आणि दोन्हीकडे झाडाखाली जागा!